पावसाची संध्याकाळ, सतरा अक्षरांत

एम.ए. मराठीच्या वर्गाला छंदःशास्त्र शिकवताना आषाढाच्या सुमारास मी एक स्वाध्याय देते. मंदाक्रांता वृत्तात चार ओळींचा एक श्लोक लिहायचा, विषय पावसाची संध्याकाळ. मुले आधी हिरमुसतात. मुक्तछंदात लिहिणाऱ्या पिढीला सतरा अक्षरांची ओळ तुरुंगासारखी वाटते. पण लिहायला बसल्यावर त्यांच्या लक्षात येते की या वृत्तात पावसासाठी जागा आधीच करून ठेवलेली आहे. ती जागा नेमकी कुठे आहे आणि मराठी शब्द तिथे कसे बसतात, कसे बसत नाहीत, हे एका विद्यार्थिनीच्या श्लोकावरून सांगते.

मंदाक्रांता आणि पाऊस यांची जोडी जुनी आहे. कालिदासाने सबंध ‘मेघदूत’ याच एका वृत्तात रचले. आषाढाच्या पहिल्या दिवशी रामगिरीवर अडकलेला यक्ष ढगाला निरोप सांगतो आणि शंभराहून अधिक श्लोकांत चाल एकदाही बदलत नाही. तो रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, असे वा. वि. मिराशींसारख्या संशोधकांनी मांडले. सगळ्यांना ते मान्य नाही, पण मराठी वाचकाला या काव्याबद्दल घरगुती जवळीक वाटते ती त्यामुळेही. अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने ‘सुवृत्ततिलक’ लिहिले. कोणत्या विषयाला कोणते वृत्त शोभते याचा त्यात विचार आहे. पावसाळा, प्रवास आणि आपत्ती यांच्या वर्णनाला मंदाक्रांता खुलते, असे तो म्हणतो. कालिदासाच्या हाती हे वृत्त कसे चालते हे सांगताना त्याला कसलेल्या शिक्षकाच्या हातची कांबोज देशची घोडी आठवते. म्हणजे विषय आणि वृत्त यांची ही सांगड मी लावलेली नाही. ती हजार वर्षांची आहे.

आता ओळीची रचना पाहू. वृत्तात अक्षरे दोन जातींची. लघू म्हणजे पटकन उच्चारून मोकळे होणारे, त्याची एक मात्रा. गुरू म्हणजे लांबणारे, त्याच्या दोन मात्रा. अ, इ, उ, ऋ हे स्वर असलेली अक्षरे लघू. आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ असलेली गुरू. अक्षर मुळात लघू असले तरी त्यावर स्पष्ट उच्चारला जाणारा अनुस्वार असेल किंवा त्याच्या पुढच्या जोडाक्षराचा त्याच्यावर आघात होत असेल, तर तेही गुरू होते. लघूला ‘ल’ आणि गुरूला ‘गा’ म्हटले तर मंदाक्रांतेची ओळ अशी म्हणता येते:

गागागागा | लललललगा | गालगागालगागा

उभ्या रेघा यतीच्या, म्हणजे श्वास घेण्याच्या जागा. पहिला भाग चार अक्षरांचा, दुसरा सहा, तिसरा सात. जुन्या पद्धतीने यालाच म, भ, न, त, त हे गण आणि शेवटी दोन गुरू असे सांगतात. गण पाठ करायची युक्ती म्हणजे ‘यमाताराजभानसलगा’ हे सूत्र. ज्या गणाचे नाव, त्या अक्षरापासून पुढची तीन अक्षरे मोजायची. मगण हवा तर ‘मातारा’, तीनही गुरू. नगण हवा तर ‘नसल’, तीनही लघू. परीक्षेला हे यावे लागते. पण लिहिणाऱ्याने गणांपेक्षा यतीचे तीन भाग कानात ठेवावेत, कारण गण शब्दांच्या मधूनच ओळ तोडतात आणि यती अर्थाच्या बाजूने तोडते.

तीन भागांच्या मात्रा मोजल्या तर पहिल्याच्या आठ, दुसऱ्याच्या सात आणि तिसऱ्याच्या बारा. पहिल्या दोन भागांना वेळ जवळजवळ सारखाच लागतो, पण पहिल्यात तेवढ्या वेळात चार अक्षरे होतात आणि दुसऱ्यात सहा. ओळ जड पावलांनी निघते, मध्ये पाच लघू एका दमात ओघळतात, आणि मग तिसऱ्या भागात गुरू-लघू हेलकावत ती लांब पसरते. आभाळ दाटून येणे, सर कोसळणे आणि मग पाणी वाहत राहणे या क्रमाने ही ओळ ऐकू येते. माझा ठाम विश्वास आहे की क्षेमेंद्राला मंदाक्रांता पावसाशी जोडावीशी वाटली ती केवळ ‘मेघदूता’च्या कीर्तीमुळे नव्हे. मधल्या त्या पाच लघूंमध्येच पाऊस आहे.

आणि मराठीत लिहिणाऱ्याची खरी कसोटीही तिथेच लागते.

संस्कृतात लघूंच्या रांगा जमवणे तुलनेने सोपे. समास करता येतो, शब्द मागेपुढे हलवता येतात. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार लेखन-नियमांप्रमाणे दीर्घ, बहुतेक प्रत्यय जड, क्रियापदाचे शेपूट जड. ‘आला’, ‘गेली’, ‘होते’, ‘झाले’ हे सगळे दोन गुरूंचे. सलग पाच लघू बोलीतून सहज मिळत नाहीत. माझ्या विद्यार्थिनीने पहिली ओळ ‘संध्याकाळी’ या शब्दाने सुरू केली. सं, ध्या, का, ळी, चारही गुरू. पहिला भाग एका शब्दात पूर्ण झाला. विषयानेच वृत्ताची पहिली पायरी बांधून दिली म्हणून ती खूश झाली आणि पुढे तिने स्वाभाविकपणे ‘पाऊस’ लिहिला. तिथे ओळ अडली.

‘पाऊस’ म्हणजे गुरू, गुरू, लघू. हा शब्द लघूंच्या रांगेत शिरूच शकत नाही. सबंध ओळीत गुरू-गुरू-लघू असा क्रम शोधला तर तो तीनच ठिकाणी सापडतो, आणि त्यांपैकी दोन ठिकाणी शब्दाच्या मधोमध यती येते. उरते एकच जागा, तिसऱ्या भागातले तिसरे, चौथे आणि पाचवे अक्षर. उदाहरणार्थ ‘दाट पाऊस आला’. पावसावरच्या श्लोकात ‘पाऊस’ या शब्दाला ओळीत एकच घर आहे, हे कळल्यावर वर्गातले पोरगे हसले नाही असे झाले नाही. ‘आभाळ’ याचीही तीच गत. ‘पावसाने’, ‘पावसाच्या’ ही रूपे मात्र गुरू-लघू-गुरू-गुरू असल्यामुळे तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला किंवा शेवटी मजेत बसतात. अशी जागांची ओळख झाली की कवी शब्दाशी भांडत नाही, त्याला दुसरीकडे बसवतो किंवा सोडून देतो. तिने ‘पाऊस’ सोडला. चारही ओळींत तो शब्द शेवटपर्यंत आला नाही, आणि श्लोकाचे त्यात भलेच झाले.

मग मधल्या भागात काय घालायचे? इथे मराठीचे एक मोठे भांडार उघडते, ते म्हणजे अनुकरणवाचक शब्द. झिरमिर, टपटप, भुरभुर, सळसळ, खळखळ, मिणमिण. हे सगळे चार लघूंचे. त्यांच्यापुढे लघू-गुरू असा एक छोटा शब्द ठेवला की मधला भाग तयार. ‘झिरमिर सरी’, ‘भुरभुर हवा’, ‘टपटप गळे’. सरी, हवा, घरी, पुढे, किती, उभी, इथे, तिथे, असे लघू-गुरू शब्द मराठीत हवे तेवढे आहेत. ही किल्ली सापडल्यावर तिने एका संध्याकाळी चारही ओळींचे मधले भाग भरून टाकले. झिरमिर, सळसळ, टपटप, मिणमिण. मोजणीत चूक नव्हती, पण श्लोक वाजत राहिला आणि सांगितले काहीच नाही. चार ओळींत चार नादशब्द आले की कान तिसऱ्यापासून ऐकणे बंद करतो. दोन ठेवायचे आणि दोन ओळींत लघू दुसरीकडून आणायचे, असे आम्ही ठरवले. ते दुसरीकडून आणणे हे या स्वाध्यायातले सर्वांत कष्टाचे काम.

मोजणीतली एक अडचण इथेच सांगायला हवी, कारण ती घरी बसून लिहिणाऱ्यालाही येते. आपण बोलताना ‘टपटप’मधला शेवटचा अकार उच्चारत नाही. टप्-टप् असे दोनच ठोके पडतात. वृत्तात मात्र ट, प, ट, प ही चार अक्षरे, चारही पुरती उच्चारायची. म्हणून ओळ तपासताना ती बोलल्यासारखी वाचू नये. चालीवर म्हणावी, प्रत्येक अक्षराला त्याचा अकार देऊन. ज्यांनी लहानपणी मनाचे श्लोक किंवा मोरोपंतांच्या केकावल्या पाठ म्हटल्या आहेत त्यांना हे सांगावे लागत नाही. ज्यांनी म्हटल्या नाहीत त्यांची पहिली ओळ हमखास दोन-तीन अक्षरांनी लांब होते.

तिच्या पहिल्या ओळीचा तिसरा भाग आधी ‘डोंगराच्या अंगाने’ असा होता. ‘संध्याकाळी झिरमिर सरी डोंगराच्या अंगाने’. अक्षरे बरोबर सतरा. बोलीला धरून, ऐकायला गोड. तरी ओळ पंधराव्या अक्षराला ठेचकाळते. तिथे लघू हवा आणि ‘अं’ अनुस्वारामुळे गुरू आहे. नवशिक्यांची सर्वांत जास्त चुकणारी जागा ही. बोटांवर अक्षरे मोजली की संख्या जुळते आणि वजन चुकलेले कळत नाही. ‘डोंगराच्या दिशेने’ केले असते तर वजन लगेच जुळले असते. पण तोपर्यंत तिच्या दुसऱ्या ओळीच्या शेवटी ‘दमाने’ हा शब्द आला होता आणि ‘दिशेने–दमाने’ यात यमक नाही, नुसता ‘ने’ प्रत्यय जुळतो. म्हणून ती डोंगर सोडून रानाकडे वळली. पुष्कळ ये-जा झाल्यावर श्लोक असा उभा राहिला:

संध्याकाळी झिरमिर सरी न्हाणुनी रानपाने,
कौले सारी भिजवत पुढे येत होत्या दमाने;
पागोळ्यांची टपटप किती ऐकली उंबऱ्याने,
काळोखाच्या मधुन इवली वाट केली दिव्याने.

दुसरी ओळ मला सर्वांत आवडते. ‘भिजवत पुढे’ यात नादशब्द नाही. साधे क्रियापद आहे आणि तरी भि-ज-व-त-पु असे पाच लघू आहेत. जुन्या कवीने इथे ‘भिजवित’ लिहिले असते, आज आपण बोलतो ते ‘भिजवत’ही त्याच मापाचे आहे. अशी क्रियापदे, परतत, उतरत, सरकत, मिसळत, ही नादशब्दांइतकीच मोठी शिदोरी आहे आणि मुले तिच्याकडे उशिरा वळतात. ओळीच्या शेवटी ‘दमाने’ आल्यामुळे सरींची चाल आणि वृत्ताची चाल एक झाली.

तिसऱ्या आणि चौथ्या ओळीत जाणकार वाचक मला थांबवेल. ‘उंबऱ्याने’ यात ‘ब’च्या पुढे जोडाक्षर आहे, मग ‘ब’ गुरू नाही का? आणि ‘दिव्याने’मधला ‘दि’? तिथे तर लघू हवा आहे. याचे उत्तर आपल्या उच्चारात आहे. जोडाक्षर दिसले म्हणून मागचे अक्षर गुरू होत नाही, त्याच्यावर आघात झाला तर होते. ‘दिव्य’ म्हणा, ‘दि’वर जोर पडतो आणि व् दुहेरी ऐकू येतो. आता ‘दिव्याने उजेड दिला’ असे म्हणा. ‘दि’ हलका जातो. पहिला ‘दि’ गुरू, दुसरा लघू, आणि कागदावर दोन्हीकडे ‘दिव्या’ सारखाच दिसतो. ऱ्य या अक्षराबाबत तर आपल्या लिपीने हा भेद लेखणीत आणला आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, इथे ‘द’वर आघात आहे. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या खोल जागा, इथे नाही. म्हणून एकात रफार आणि दुसऱ्यात अर्धा ऱ. ‘उंबऱ्या’तला ‘ब’ दऱ्यांच्या जातीचा. ‘तुम्ही’, ‘पुन्हा’, ‘उन्हाळा’ यांतही पहिले अक्षर लघूच राहते. संस्कृतचे नियम घोकून मराठी कविता तपासणारे इथे बरोबर ओळ चूक ठरवतात. माधव जूलियन यांनी ‘छंदोरचना’ लिहून मराठी पद्याचा विचार शास्त्रशुद्ध पायावर नेला. मराठी ओळीचे माप मराठी कानाने घ्यायचे, ही शिस्त त्या परंपरेतून आपल्याकडे आली आहे.

चौथी ओळ कशी झाली हेही सांगण्याजोगे आहे, कारण तिथे तिसऱ्या प्रकारचा दोष होता. तिची आधीची ओळ होती ‘काळोखातून सहज हळू वाट केली दिव्याने’. मोजून पाहा. का-ळो-खा-तू चार गुरू, न-स-ह-ज-ह पाच लघू, ळू गुरू, पुढचा भाग आताचाच. सतराच्या सतरा अक्षरे बरोबर. तरी म्हणून पाहिली की चौथ्या अक्षराला श्वास थांबतो आणि ऐकू येते ‘काळोखातू’, मग थोडा खंड, मग ‘न सहज हळू’. हा यतिभंग. गणांचा तक्ता घेऊन बसणाऱ्याला तो सापडत नाही, मोठ्याने म्हणणाऱ्याला पहिल्याच वेळी सापडतो. मंदाक्रांतेत तो विशेष खुपतो, कारण चार गुरूंनंतर जीभ खरोखरच थांबू पाहते. ‘काळोखाच्या’ केल्याने शब्द यतीवर संपला. त्याची किंमत म्हणून ‘मधून’चे ‘मधुन’ करावे लागले. अशी ऱ्हस्व-दीर्घाची सूट वृत्तासाठी कवीला आहे, साहित्य महामंडळाच्या लेखन-नियमांनीही ती मान्य केली आहे. सूट असली तरी ती चार ओळींत दोनदा-तीनदा वापरली की ओळी लंगडताना दिसतात. इथे ‘मधुन’ आणि ‘न्हाणुनी’ अशा दोन जागा आहेत. ‘न्हाणुनी’ हे पद्यातले रुळलेले रूप, त्यामुळे ते बोचत नाही. ‘मधुन’ थोडे बोचते. ‘काळोखाला चिरत इवली’ असा बिनसवलतीचा पर्याय तिच्यापुढे होता आणि ‘चिरत’ मापात चपखल बसतही होते. मीच तिला तो घेऊ नको म्हटले. काळोख चिरणारा उजेड आपण फार वेळा वाचला आहे, आणि या श्लोकातला दिवा सुरीसारखा नाही. माझ्या मते थकलेल्या प्रतिमेपेक्षा एक उकार आखूड केलेला परवडतो. वर्गातल्या दोघातिघांना ते पटले नाही, आणि त्यांची बाजूही अगदी टाकाऊ नव्हती.

ओळ तपासण्याची एक युक्ती मी मुलांना देते, ती या वृत्ताच्या घडणीतूनच येते. मंदाक्रांतेचा मधला सहा अक्षरांचा भाग काढून टाकला तर उरते ‘गागागागा गालगागालगागा’. हे अकरा अक्षरांचे शालिनी वृत्त. म्हणजे मंदाक्रांता ही पोटात पाच लघूंची सर घेतलेली शालिनी. मधला भाग झाकून ओळ म्हणायची. ‘कौले सारी येत होत्या दमाने’, ‘पागोळ्यांची ऐकली उंबऱ्याने’. चाल न अडखळता लागली तर दोन्ही टोके शाबूत आहेत आणि दोष असलाच तर मध्ये आहे. अडखळली तर कुठे हात घालायचा ते कळते. काही मुले उलट्या बाजूने जातात, आधी शालिनीत चार ओळी लिहितात आणि मग मधला भाग बसवतात. त्याने माप पटकन साधते, पण एक धोका राहतो. नंतर घातलेला भाग ठिगळासारखा दिसतो, कारण त्याच्याशिवाय वाक्य आधीच पुरे झालेले असते. आपल्या श्लोकात हे कुठे होते ते पाहावे. पहिल्या ओळीतून ‘झिरमिर सरी’ काढले तर वाक्याचा कर्ताच जातो. चौथीतून ‘मधुन इवली’ काढले तर ‘काळोखाच्या वाट’ असे अर्थहीन उरते. इथे मधला भाग वाक्याच्या हाडामांसाचा आहे. तिसऱ्या ओळीत ‘टपटप’ जाऊ शकत नाही, पण ‘किती’? ते काढून ओळीचा अर्थ फारसा बदलत नाही.

याला पादपूरक म्हणतात, ओळीची पोकळी भरायला आलेला शब्द. हो, ते, की, तो, अहा, असे शब्द मराठी वृत्तबद्ध कवितेत पोत्याने सापडतात. ते ओळखायचा मार्ग म्हणजे अन्वय लावणे. श्लोक साध्या गद्यात लिहून काढायचा: ‘संध्याकाळी झिरमिर सरी रानपाने न्हाणून, सारी कौले भिजवत, दमाने पुढे येत होत्या. उंबऱ्याने पागोळ्यांची किती टपटप ऐकली. दिव्याने काळोखाच्या मधून इवली वाट केली.’ गद्यात जो शब्द कुणी म्हटला नसता तो ओळीतही पाहुणाच. ‘किती’ गद्यात टिकला, कारण बोलतानाही आपण ‘किती वाट पाहिली’ असे म्हणतो, आणि उंबरठा किती वेळ ऐकत राहिला हे त्यातूनच सूचित होते. तो पास झाला, पण काठावर.

या अन्वयातून श्लोकाची घडणही कळते. पहिल्या दोन ओळींचे मिळून एकच वाक्य आहे, क्रियापद दुसऱ्या ओळीच्या शेवटाजवळ येते, त्यामुळे ऐकणाराही सरींबरोबर रानातून कौलांपर्यंत येतो. पुढच्या दोन ओळी स्वतंत्र आहेत, एकेका वाक्याच्या. पाऊस बाहेरून घराकडे येतो, वळचणीवर थांबतो आणि मग नजर उंबऱ्यावर आणि दिव्यावर येते. चार ओळींच्या श्लोकाला एवढीच हालचाल पेलते. काही मुले तेवढ्यात वीज, मोर, इंद्रधनुष्य, चहा आणि प्रेयसी सगळे कोंबतात. सतरा चोक अडुसष्ट अक्षरे म्हणजे बोलताना तीन-चार वाक्ये. त्यात एका घरावरचा एक पाऊस मावतो.

माझा आक्षेप एकच राहिला. चारही ओळी ‘ने’वर संपतात. पहिल्या जोडीत ‘पाने–दमाने’ आणि दुसरीत ‘उंबऱ्याने–दिव्याने’ असे यमक चांगले वेगळे आहे, पण दुसऱ्या जोडीतला ‘ने’ दोन्हीकडे तृतीयेचा प्रत्यय आहे. यमकात प्रत्ययापेक्षा शब्दाची मुळे जुळली तर ते अधिक खोल जाते. तिने बचावात सांगितले की उंबरा आणि दिवा ही दोन निर्जीव माणसे तिला कर्ता म्हणून हवी होती, घरात बोलणारे कुणी नाही हे त्यावरूनच कळावे. ते ऐकून मी गुण कापले नाहीत.

आता ती दुसऱ्या श्लोकाच्या मागे लागली आहे. उंबरा कुणाची वाट पाहतो ते त्यात सांगायचे आहे आणि तिला सुरुवात छत्रीने करायची आहे. ‘छत्री’तला ‘त्र’ मागच्या ‘छ’वर खराखुरा आघात करतो, म्हणून ते दोन गुरू, आणि ‘छत्री ओली’ म्हटले की पहिला भाग भरला. पुढच्या पाच लघूंसाठी तिने ‘निथळत उभी’ लिहून आणले. नि-थ-ळ-त-उ-भी, माप बरोबर, नादशब्द नाही, आणि छत्री भिंतीला टेकून खरोखर तशीच उभी असते. तिसरा भाग अजून कोरा आहे. तिथे तिला येणाऱ्याचे पाऊल हवे आहे, पण ‘पाऊल’ही ‘पाऊस’सारखेच गुरू-गुरू-लघू. त्यालाही तेच एक घर.